मालदांडी, चुनखड आणि स्फुरदाचे जिवाणू: चौदा महिन्यांच्या नोंदी

९ जानेवारी २०२४

मंगळवेढ्याच्या रानात मालदांडी ज्वारी पोटऱ्यात आहे. आज तात्यांच्या शेतात आठ ठिकाणी ताटं मुळासकट उपटली. मुळं झटकून सुटी माती खाली पाडली आणि मुळांना चिकटून राहिलेली तेवढी पिशवीत घेतली. जे जिवाणू मुळांच्या पाझरावर जगतात ते याच पातळ थरात असतात, म्हणून नांगरटीतली मोकळी माती इथे उपयोगाची नाही. पिशव्या बर्फाच्या डब्यात ठेवून संध्याकाळपर्यंत प्रयोगशाळेत आणल्या.

आमच्या शेतकरी गटाचे सभासद तीन वर्षं स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची पाकिटं विकत घेत आहेत. काहींनी त्या भरवशावर डीएपी खत निम्म्यावर आणलं आहे. तात्यांचा साधा प्रश्न होता: "पाकिटातलं ते औषध माझ्या चुनखडीच्या रानात खरंच काम करतं का?" या नोंदी त्या प्रश्नासाठी आहेत.

माती तपासणीचा अहवाल: सामू ८.४, मुक्त चुनखड १० टक्के, उपलब्ध स्फुरद हेक्टरी ९ किलो, म्हणजे कमी. एकूण स्फुरद याच्या कितीतरी पट आहे, पण तो कॅल्शियमशी घट्ट बांधलेला आहे. पिकाला मिळत नाही.

१६ जानेवारी

आधी दुकानातलं पाकीट तपासलं. लेबलवर बॅसिलस मेगाटेरियम, लिग्नाइटची भुकटी, २५० ग्रॅम. वैधता संपायला अजून दोन महिने आहेत. सरकारी खत नियंत्रण आदेशाप्रमाणे अशा भुकटीत कोरड्या वजनावर ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत.

१० ग्रॅम भुकटी ९० मिली निर्जंतुक मिठाच्या पाण्यात अर्धा तास हलवली. त्यातलं १ मिली ९ मिलीत, त्यातलं पुन्हा ९ मिलीत, असं दहा-दहा पटींनी पातळ करत नेलं आणि प्रत्येकातलं ०.१ मिली पिकोव्हस्काया माध्यमाच्या बशीवर पसरलं. या माध्यमात लिटरमागे १० ग्रॅम ग्लुकोज आणि ५ ग्रॅम ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असतं. फॉस्फेट विरघळत नाही म्हणून बशी दुधाळ दिसते. जो जिवाणू ते विरघळवतो त्याच्या वसाहतीभोवती स्वच्छ वलय पडतं.

२० जानेवारी

दहा हजार पट पातळ केलेल्या बशांवर वलयवाल्या वसाहती सरासरी ३८. हिशोब असा: ३८ गुणिले १० (कारण ०.१ मिली टाकलं होतं) गुणिले १०,०००, म्हणजे ग्रॅमला ३८ लाख. भुकटीत ओलावा ३२ टक्के निघाला, म्हणून कोरड्या वजनावर ५६ लाख. हव्या त्या आकड्याचा हा जेमतेम नववा भाग. शिवाय वलय न पाडणाऱ्या परक्या वसाहती भरपूर.

एका पाकिटावरून कंपनीबद्दल काही ठरवता येत नाही. ते पाकीट उन्हाळाभर पत्र्याच्या गोदामात पडलं होतं का, हेही आपल्याला ठाऊक नाही. पण शेतकऱ्याच्या हातात काय पडतं याचा हा आकडा आहे.

बियाण्यापर्यंत हिशोब नेला. ज्वारीचे किलोला साधारण ३०,००० दाणे. किलोला २५ ग्रॅम भुकटी लावायची. भुकटीत ५ कोटी असतील तर दाण्यामागे ४० हजार जिवाणू येतात, ५६ लाख असतील तर साडेचार हजार. आणि रानातल्या एका ग्रॅम मातीत आधीच कोट्यवधी जिवाणू आहेत. नवख्याला त्यांच्यात जागा करून घ्यायची आहे.

२ फेब्रुवारी

आमच्या मुळांच्या मातीतून वलय पाडणाऱ्या २३ वसाहती वेगळ्या केल्या. सात क्रमांकाच्या वसाहतीचं वलय इतकं मोठं आणि स्वच्छ आहे की पाहणारा प्रत्येकजण तीच उचलतो. मीही हरखले.

१४ फेब्रुवारी

गेले दहा दिवस एक गणित डोक्यात आहे, ते इथे मांडून ठेवते.

वलय पडतं ते बहुतेक वेळा ग्लुकॉनिक आम्लामुळे. जिवाणू ग्लुकोजपासून हे आम्ल बाहेरच तयार करतो, माध्यमाचा सामू खाली येतो आणि फॉस्फेट विरघळतं. बशीतलं सगळं ग्लुकोज आम्ल झालं असं धरलं तरी लिटरमागे सुमारे ५५ मिलिमोल आम्ल होईल.

आता तात्यांची माती. चुनखड १० टक्के म्हणजे एक ग्रॅम मातीत १०० मिलिग्रॅम, म्हणजे एक मिलिमोल कॅल्शियम कार्बोनेट. ते दोन मिलिमोल आम्ल गिळतं. म्हणजे ३६ मिली माध्यमातलं सगळंच्या सगळं आम्ल एक ग्रॅम माती पचवून टाकते. आणि मुळांच्या पाझरात लिटरला १० ग्रॅम साखर कुठून असणार?

बशीत असं काही आडवं येत नाही, म्हणून तिथे सगळेच जिवाणू कर्तबगार दिसतात.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या ज्ञानेश्वर, नरेशकुमार आणि पारेख यांनी १९९८ साली नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. माध्यमात सामू सहज बदलू न देणारं ट्रिस बफर घातलं की साध्या बशीवर उत्तम दिसणारे जिवाणू गप्प बसतात, हे त्यांनी दाखवलं. पुढच्या वर्षी तुरीच्या मुळांजवळून एंटरोबॅक्टर ॲस्बुरी हा बफरला न जुमानणारा जिवाणू काढला. आपणही तीच चाळणी लावायची.

२६ फेब्रुवारी

माध्यमात १०० मिलिमोलर ट्रिस, सामू ८, ट्रायकॅल्शियम फॉस्फेटऐवजी रॉक फॉस्फेट, आणि रंगासाठी मिथाइल रेड. हा रंग सामू ६ च्या वर पिवळा असतो, ४.४ च्या खाली लाल. बफर मोडून आम्ल जिंकलं तरच वसाहतीभोवती लाल डाग दिसेल. २३ वसाहती आणि पाकिटातला बॅसिलस, सगळ्यांचे ठिपके ठेवले.

१ मार्च

२४ पैकी फक्त दोघांभोवती लाल. सात क्रमांक ठळक, अकरा क्रमांक फिका पण स्पष्ट. पाकिटातला बॅसिलस पिवळाच राहिला.

साध्या बशीवर वलयात तिसरा आलेला १९ क्रमांक इथे पूर्ण गप्प आहे, आणि अकरा क्रमांक तिथे पंधराव्या स्थानावर होता. केवळ वलयाचा व्यास मोजून निवड केली असती तर त्याला मी पहिल्याच आठवड्यात बाजूला काढलं असतं.

१८ एप्रिल

जनुकाच्या वाचनाचा अहवाल आला. सात क्रमांक एंटरोबॅक्टर आहे, अकरा क्रमांक स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्सच्या गटातला.

सात क्रमांक इथेच थांबवला. एंटरोबॅक्टरच्या काही जाती, ॲस्बुरी धरून, आजारी आणि अशक्त माणसांत संसर्ग करतात. आमच्याकडे बियाण्याला भुकटी चोळतात ती उघड्या हाताने, घराच्या ओसरीवर, बाजूला लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतात. मातीत हा जिवाणू मुळातच असतो हे खरं, पण ग्रॅमला कोट्यवधी करून तो घराघरांत वाटणं वेगळं. सगळ्यात चांगला निकाल देणारा हाताने बाजूला ठेवताना वाईट वाटलं, तरी निर्णय बदलणार नाही.

आता अकरा क्रमांकच पुढे.

६ मे

अकरा क्रमांकाला ट्रिप्टोफॅन घातलेल्या रसात वाढवून सालकोव्स्की द्रावण टाकलं. अर्ध्या तासात गुलाबी रंग चढला. म्हणजे तो इंडोल ॲसेटिक आम्ल, मुळं वाढवणारं संप्रेरक, तयार करतो. पाकिटातल्या बॅसिलसचा रंग अगदी पुसट.

हे लक्षात ठेवायला हवं. शेतात पीक जोमदार दिसलं तर श्रेय स्फुरदाला द्यायचं की मुळांना, हे वेगळं करता आलं पाहिजे. लांब आणि दाट मुळं जास्त मातीपर्यंत पोचतात, आणि न विरघळवताही पिकाला जास्त स्फुरद मिळू शकतं.

२२ जुलै

बियाण्यावर किती टिकतात ते पाहिलं. मालदांडीला आमच्याकडे आधी काणीसाठी ३०० मेश गंधक किलोला ४ ग्रॅम, मग खोडमाशीसाठी थायामेथोक्झाम, आणि शेवटी जिवाणू. शेवटचा थर जिवाणूंचा असावा हा क्रम बरोबरच आहे. प्रश्न त्यानंतरच्या तासांचा आहे.

गुळाच्या थंड पाण्यात भुकटी कालवून दाण्यांना चोळली आणि ठराविक वेळाने दाणे धुऊन त्या पाण्यातले जिवाणू मोजले. यासाठी ताजी भुकटी घेतली होती, ग्रॅमला ४० कोटींची.

अकरा क्रमांक: चोळल्याबरोबर दाण्याला सुमारे दोन लाख. सावलीत चार तासांनी १८ हजार. उन्हात पोत्यावर दोन तासांनी दीडशेच्या आसपास. गंधक आणि थायामेथोक्झाम आधी लावलेल्या दाण्यांवर सावलीतल्या चार तासांत ७ हजार.

बॅसिलस: सुरुवातीला तेवढेच, आणि सावलीत चार तासांनी एक लाख साठ हजार. उन्हातही पन्नास हजार राहिले.

कारण सरळ आहे. बॅसिलस बीजाणू करतो, कवच धरून वाळण्यातून निभावतो. स्यूडोमोनासला तसं कवच नाही, ओल गेली की तो मरतो. म्हणजे जो चुनखडीपुढे टिकतो तो दाण्यावर टिकत नाही, आणि जो दाण्यावर टिकतो तो चुनखडीपुढे गप्प बसतो. बाजारात बॅसिलसची पाकिटं इतकी का दिसतात तेही यातून कळतं. साठवणीत आणि दुकानात तोच तगून राहतो.

१९ ऑगस्ट

अकरा क्रमांक दाण्यावर न देता शेणखतातून द्यायचा ठरवलं. हेक्टरी अडीच किलो ताजी भुकटी ५० किलो पूर्ण कुजलेल्या, चाळलेल्या शेणखतात मिसळायची, ओल्या गोणपाटाखाली सावलीत रात्रभर ठेवायची आणि सकाळी पेरणीबरोबर सरीत सोडायची. रात्रीनंतर मोजणी केली तर जिवाणू कमी झाले नव्हते, थोडे वाढलेच होते.

तात्यांनी दुसऱ्या रानात दोन चाड्यांच्या पाभरीने हे पेरून पाहिलं. पहिल्या दोन तासांतच खताचं नळं तुंबलं. शेणखत जास्त ओलं होतं. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण हाताला पाणी लागू नये, एवढीच ओल ठेवल्यावर सुरळीत चाललं. बारीक चाळणीने दोनदा चाळायलाही हवं.

३० सप्टेंबर

प्रयोगाची आखणी. चार उपचार, प्रत्येकाचे चार वाफे, एकूण १६. वाफा ५ मीटर बाय ३.६ मीटर, ओळींत ४५ सेंटिमीटर. उतार पूर्वेकडे आहे म्हणून चार गट उताराला आडवे पाडले आणि प्रत्येक गटात उपचारांची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवली.

पहिला: निम्मा स्फुरद, साधं शेणखत.
दुसरा: निम्मा स्फुरद, शेणखतात मारलेले जिवाणू.
तिसरा: निम्मा स्फुरद, शेणखतात जिवंत जिवाणू.
चौथा: पूर्ण स्फुरद, साधं शेणखत.

पूर्ण म्हणजे हेक्टरी २५ किलो स्फुरद, डीएपीतून साधारण ५४ किलो. निम्म्यात २७ किलो डीएपी, आणि कमी पडलेलं नत्र युरियाने भरून काढलं, नाहीतर फरक नत्राचा की स्फुरदाचा हेच कळणार नाही.

दुसऱ्या उपचाराबद्दल गटात बराच वाद झाला. मेलेले जिवाणू कशाला टाकायचे, असं सगळ्यांना वाटलं. पण भुकटीत जिवाणूंसोबत लिग्नाइट आहे, माध्यमातलं उरलेलं अन्न आहे, मेलेल्या पेशींतलं नत्र आणि स्फुरदही आहे. तीच भुकटी दाबाच्या वाफेत सलग दोन दिवस एकेक तास ठेवून मारली की बाकी सगळं सारखं राहतं, फक्त जीव जातो. जिवंत वाफ्यातून मेलेला वाफा वजा केला की जे उरेल तेच जिवाणूचं काम. आणि चौथा उपचार हवाच. पूर्ण स्फुरदानेही पीक वाढलं नाही, तर त्या रानाला स्फुरदाची उणीवच नव्हती असं होईल आणि अख्खा प्रयोग मुका ठरेल.

५ ऑक्टोबर

हस्ताच्या पावसानंतर वाफसा आला. आज पेरणी. वाफ्याला साडेचार ग्रॅम भुकटी ९० ग्रॅम शेणखतात, हाताने सरीत. विरळणीनंतर राहणारी ताटं धरून हिशोब केला तर ताटामागे पासष्ट लाखांवर जिवाणू पडले. आधी मारलेल्या भुकटीचे वाफे पेरले आणि जिवंत भुकटी शेवटी, म्हणजे हातांनी आणि खुरप्यांनी जिवाणू इकडून तिकडे जाणार नाहीत.

अकरा क्रमांकाचा रिफाम्पिसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा, आपोआप निपजलेला प्रकार वापरला आहे. वाढीत तो मूळ जिवाणूइतकाच आहे हे आधी तपासलं. म्हणजे रानातल्या हजारो जिवाणूंतून आपलाच ओळखून मोजता येईल.

१५ ऑक्टोबर

दहाव्या दिवशी मुळांच्या मातीत ग्रॅमला २१ लाख. जिवंत वाफ्यांत सगळीकडे सापडला. मेलेल्या आणि साध्या वाफ्यांत एकही नाही.

४ नोव्हेंबर

तिसावा दिवस. प्रत्येक वाफ्यातली कडेच्या ओळींतली सहा ताटं कुदळीने खोल खणून काढली, मुळं पाण्यात धुतली. मुळांचं कोरडं वजन ताटाला: साधं ०.५०, मेलेले ०.५१, जिवंत ०.६२, पूर्ण स्फुरद ०.६० ग्रॅम. जिवंत वाफ्यांतली मुळं डोळ्यांनाही जास्त झुपकेदार दिसतात. तात्या म्हणाले, "ताई, लागला की गुण."

मला आनंद झाला, पण मुळांच्या मातीत जिवाणू आता ग्रॅमला ९० हजारांवर आलेत.

१९ नोव्हेंबर

पंचेचाळिसावा दिवस. जिवाणू ४ हजार. बाहेरून सोडलेल्या जिवाणूंचं असंच होतं. रानातले आधीचे जिवाणू जागा सोडत नाहीत आणि आदिजीव त्यांना खातात. त्याचं जे काही काम व्हायचं ते पहिल्या तीन-चार आठवड्यांत व्हायला हवं.

वरून दुसऱ्या पानाचे नमुने घेऊन स्फुरद मोजायला पाठवले.

३ डिसेंबर

पानांतला स्फुरद: साधं ०.२२, मेलेले ०.२३, जिवंत ०.२४, पूर्ण स्फुरद ०.२९ टक्के. जिवंत आणि मेलेल्यांतला फरक मोजणीच्या चुकीएवढाच आहे. मुळांच्या मातीतला उपलब्ध स्फुरदही दोन्हींत सारखाच निघाला.

आज थोडा वेळ नुसतीच बसून राहिले. मुळं वाढली, पण पानात स्फुरद आला नाही. माझं मत असं बनतंय की या मातीत अकरा क्रमांकाने स्फुरद विरघळवलाच नाही, किंवा विरघळला तो चुनखडीने तिथल्या तिथे पुन्हा धरला. मुळांचा झुपका इंडोल ॲसेटिक आम्लाचा असावा. बफरची चाळणी साध्या बशीपेक्षा कडक आहे, पण तिच्यातही आपण जिवाणूला लागेल तेवढं ग्लुकोज दिलेलं असतं. मुळाशी ते नसतं.

१७ फेब्रुवारी २०२५

काढणी. कडेच्या ओळी सोडून मधलं क्षेत्र वेगळं कापलं, कणसं वाळवून मळली. धान्य हेक्टरी क्विंटलमध्ये: साधं १३.२, मेलेले १३.४, जिवंत १४.०, पूर्ण स्फुरद १५.१. चार गटांतल्या फेरफाराचा हिशोब केल्यावर दोन उपचारांत १.१ क्विंटलपेक्षा कमी फरक असेल तर तो खरा मानता येत नाही.

पूर्ण आणि निम्म्या स्फुरदात १.९ चा फरक, तो खरा. म्हणजे रानाला स्फुरदाची भूक आहे. जिवंत आणि मेलेल्यांत ०.६ चा, तो मानता येत नाही. कडब्याच्या वजनातही जिवंत वाफे मेलेल्यांच्या पुढे नाहीत.

मेलेल्यांचा वाफा नसता आणि फक्त साध्याशी तुलना केली असती, तर "०.८ क्विंटल वाढ" असं लिहून गटाच्या बैठकीत टाळ्या मिळाल्या असत्या.

२ मार्च

गटाची बैठक. आकडे फळ्यावर लिहिले, तात्यांनीच वाचून दाखवले. सभासदांना तीन गोष्टी सांगितल्या.

जिवाणूंच्या भरवशावर डीएपी कमी करू नका, निदान चुनखडीच्या काळ्या रानात तरी नाही. या हंगामात निम्म्या डीएपीने दीड-दोन क्विंटल गेले आणि ते जिवाणूंनी भरून दिले नाहीत. त्यापेक्षा आहे ते डीएपी रानभर न फोकता दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याच्या खाली पेरा. मातीत सगळीकडे मिसळलं की तितकं जास्त चुनखडीच्या हाती लागतं.

पाकीट घ्यायचंच असेल तर तारीख पाहा, दुकानात ते कुठे ठेवलं होतं विचारा, आणि घरी आणून माठाशेजारी थंड जागेत ठेवा. बीजप्रक्रियेनंतर बियाणं उन्हात टाकू नका आणि त्याच दिवशी पेरा.

तिसरी गोष्ट विचारली गेली म्हणून सांगितली: हे निकाल एका रानाचे, एका हंगामाचे आणि एका जिवाणूचे आहेत. बार्शीकडच्या एका सभासदाची जमीन तांबूस, सामू ६.८ आणि चुनखड जवळजवळ नाही. तिथे आम्ल गिळायला काही नसल्याने उत्तर वेगळं येऊ शकतं.

११ मार्च

बार्शीच्या रानातून माती आणली. सामू ६.८ बरोबर निघाला, चुनखड ०.५ टक्के, उपलब्ध स्फुरद हेक्टरी ८ किलो. अकरा क्रमांक शीतकपाटातून काढून ताज्या बशीवर रेघला. खरिपात तिथे तेच चार उपचार, मारलेल्या भुकटीच्या वाफ्यांसकट.